तागा मोजण्याआधी काट्यावर

पिशव्यांसाठी आमच्या गटाने 300 मीटर कापड मागवलं. एवढं उलगडून मोजत कोण बसणार? म्हणून आम्ही तागे काट्यावर ठेवले.

बिलावर 180 जीएसएम होतं. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद कापडाचं वजन 180 ग्रॅम. पन्हा 58 इंच होता. हिशेबात मात्र तो मीटरमध्येच धरायचा, म्हणजे 1.47 मीटर. 180 ला 1.47 ने गुणलं, तर एका मीटर लांबीला साधारण 265 ग्रॅम. 300 मीटरचे साडेएकोणऐंशी किलो व्हायला हवे. पुठ्ठ्याच्या नळ्या वजा करून भरले 72!

थोडाफार फरक चालतो, पण साडेसात किलो? मग कापड पातळ की लांबी कमी? काठापासून आत दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला आणि सोनाराच्या काट्यावर ठेवला. भरला 1.8 ग्रॅम. शंभरपट केले की 180. जाडी बरोबर होती, म्हणजे लांबीच कमी. 72,000 ग्रॅमला 265 ने भागलं, आले 272 मीटर.

मग मात्र उलगडून मोजलं. भरलं 271. व्यापाऱ्याने राहिलेलं कापड पाठवलं, गाडीभाडं मात्र आमच्याच माथी.