खारीचे पापुद्रे सुटतात कसे?

चहात बुडवायची खारी घरी केली की तिचे पापुद्रे सुटत नाहीत, अशी तक्रार बरेचदा कानावर येते. बेकरीत खारीसाठी सहसा उकाड्यातही घट्ट राहणारं खास मार्जरीन वापरतात. घरी आपण बटर घेतो. ते २० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि आपलं स्वयंपाकघर उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर असतं. खारी बिघडते ती इथेच.

ओव्हनमध्ये पीठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ थर उचलते. बटर लाटतानाच वितळून मैद्यात मुरलं, तर उचलायला वेगळे थरच राहत नाहीत. मग नानकटाईसारखा भुसभुशीत प्रकार हाती येतो.

झटपट पद्धत अशी. पाव किलो मैद्याला २०० ग्रॅम बटर घ्या. घरचं लोणी नको, त्यात पाणी जास्त असतं. बटर खारट असेल तर वेगळं मीठ घालू नका. त्याचे बोराएवढे तुकडे करून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. मग मैद्यात टाकून प्रत्येक तुकडा बोटांनी नुसता चपटा करा. चमचा-चमचा बर्फाचं पाणी घालत पीठ जेमतेम गोळा करा. साधारण अर्धा कप लागेल. मळू नका. बटरचे तुकडे दिसायलाच हवेत. गोळा चपटा करून, झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

आता रुंदीच्या तिप्पट लांब पट्टी लाटा. वरचा कोरडा मैदा झटका, नाहीतर थर कोरडे राहतात. अंतर्देशीय पत्राची करतो तशी तिहेरी घडी घाला. घडी पाव फेरा फिरवून पुन्हा लाटा, पुन्हा तशीच घडी घाला. मग अर्धा तास फ्रीज. त्यानंतर आणखी दोन घड्या आणि पुन्हा अर्धा तास विश्रांती. तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी, असा हिशेब आहे. हाव धरून घड्या वाढवल्या, तर बटरचे थर इतके पातळ होतात की पीठात मिसळून जातात.

मधेच पीठ चकाकलं, लाटण्याला चिकटलं, तर तिथेच थांबा आणि ते फ्रीजमध्ये ठेवा. उलट, लाटताना आत बटर तडकून तुकडे झालेले दिसले, तर ते फार गार आहे. पाच मिनिटं बाहेर राहू द्या.

शेवटी अर्धा सेंटिमीटर जाड लाटून धारदार सुरीने सरळ खाली दाबून कापा. सुरी ओढली तर कडा चिकटतात. ओव्हन आधीच २०० अंशांवर तापलेला हवा. तो थंड असेल, तर वाफ धरण्याआधीच बटर ओघळून ट्रेमध्ये तळं साचतं. चांगली तांबूस होईपर्यंत भाजा. घाईने काढलेली खारी आतून कच्ची राहते आणि बाहेर येताच बसते.