कर्ज फिटलं, आता कागद

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरला की बँक 'नो ड्यूज' दाखला देते आणि बरेच जण तिथेच निर्धास्त होतात. घराचे मूळ कागद मात्र अजून बँकेकडेच असतात. ते ३० दिवसांत परत करायचे आणि मालमत्तेवर नोंदवलेला बोजाही उतरवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. १ डिसेंबर २०२३ पासून तो बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. उशीर बँकेमुळे झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

कागद घ्यायला जाताना कर्ज घेतेवेळी बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी बरोबर न्या. ती सापडत नसेल तर बँकेकडून तिची प्रत मागा. फ्लॅट पुनर्विक्रीतला असेल, तर फक्त तुमचा करारनामा मिळून भागत नाही. आधीच्या मालकाचा बिल्डरशी झालेला करार, नोंदणीच्या पावत्या, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, सगळं यादीशी ताडून पाहा. एकही कागद कमी असेल तर 'सर्व कागद मिळाले' यावर सही करू नका; काय मिळालं नाही, ते पोचपावतीवरच लिहा.

आता कागद बँकेकडूनच हरवले असतील तर? नकला मिळवून देण्यात मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणं ही बँकेची जबाबदारी आहे. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. समजा, कर्ज ५ जानेवारी २०२५ ला फिटलं. पहिली मुदत ४ फेब्रुवारीला संपली, वाढीव मुदत ६ मार्चला. नकला २६ मार्चला हातात आल्या, तर वीस दिवसांचे एक लाख रुपये तुम्हाला मिळायला हवेत.

नोंदणीकृत कराराची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, भागप्रमाणपत्राची दुसरी प्रत सोसायटी देते. पण एका गोष्टीत अजिबात नमतं घेऊ नका. काही शाखांत ग्राहकालाच सांगतात, "तुम्ही पोलिसांत तक्रार द्या, कागद हरवले म्हणून." तसं केलंत तर कागद तुमच्या हातून गेल्याची नोंद होते आणि पुढे घर विकताना, कागद दुसरीकडे गहाण तर नाहीत ना, अशी शंका खरेदीदाराच्या वकिलाला येते. तक्रार बँकेनंच द्यावी. शिवाय, कागद आमच्या ताब्यात असताना गहाळ झाले, असं पत्र बँकेकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घ्या आणि प्रमाणित प्रतींबरोबर जपून ठेवा.

बँक यातलं काही टाळत असेल, तर बँकेकडेच लेखी तक्रार करून तारखेची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल, तर राष्ट्रीय आवास बँकेकडे दाद मागा.