एक गोळी की दोन?

आमच्या शेजारच्या आजींची ही गोष्ट.

अंबाबाईचे दर्शन घेऊन आजी भर उन्हात पायी घरी आल्या. आल्या आल्या नातवाने यंत्रावर रक्तदाब मोजला. वरचा आकडा १७०! आजी घाबरल्या. रात्री ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीऐवजी त्यांनी दोन घेतल्या. पहाटे उठताच घेरी आली. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. उभ्याने मोजला, तर दाब १०० वर उतरलेला.

डॉक्टर म्हणाले, "आजी, चालून आल्यावर आकडा चढतोच. पाच मिनिटं निवांत बसा, मग मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सात दिवस वहीत लिहा. या गोळीचा पुरता गुण यायला आठवडा लागतो. गोळी वाढवायची का, ते मी सांगेन. पण १८० च्या वर जाऊन छातीत दुखलं, धाप लागली, तर लगेच या."

आठवड्याने आम्ही वही पाहिली. आकडे १३० च्या आसपास. गोळी एकच राहिली.