मंदिराची पेटी आणि यहूदाचे राजे

शलमोन राजाने यरुशलेमात बांधलेल्या इमारतींची मापे जुन्या करारातील राजांच्या ग्रंथात नोंदलेली आहेत. परमेश्वराचे मंदिर ६० हात लांब आणि २० हात रुंद होते. त्याच बांधकामातला राजवाड्याचा एक भव्य दालनवजा भाग, लबानोनच्या गंधसरूच्या खांबांवर उभारलेला, १०० हात लांब आणि ५० हात रुंद होता. मंदिराला सात वर्षे लागली, राजवाड्याला तेरा. हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरला, तर मंदिराची लांबी २७ मीटरच्या आसपास येते. देवघर लहान आणि राजाचा वाडा त्याला खेटून, अशी ही रचना होती.

या मापांमधूनच मंदिर आणि राजसत्ता यांच्या नात्याचे मर्म हाती लागते. हे मंदिर राजाने बांधले, राजाच्या तिजोरीतून बांधले आणि त्याचा मुख्य याजकही राजानेच ठरवला. दावीदाच्या म्हातारपणी गादीचा वाद उभा राहिला, तेव्हा याजक अब्याथार अदोनीयाच्या बाजूला गेला. याजक सादोक आणि संदेष्टा नाथान यांनी शलमोनाची बाजू धरली. शलमोन गादीवर आला, सादोक त्याचा मुख्य याजक झाला आणि अब्याथारची रवानगी यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावी त्याच्या शेतावर झाली. हे गाव लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेजारी देव राहतो म्हटल्यावर राजघराण्याचे आसन पक्के होते. हा हिशेब विरोधकांनाही कळत होता. इ.स.पू. ९३० च्या सुमारास राज्य फुटले, तेव्हा उत्तरेच्या यराबामाला धास्ती वाटली ती हीच, की लोक यज्ञासाठी यरुशलेमला जात राहिले तर त्यांचे मनही तिकडेच वळेल. म्हणून त्याने बेथेल आणि दान इथे स्वतःची पूजास्थाने उभी केली. पुढे दीडेक शतकाने आमोस नावाचा दक्षिणेकडचा मेंढपाळ संदेष्टा बेथेलला येऊन राजघराण्याचा नाश सांगू लागला. तिथल्या याजकाने, अमस्याने, राजाकडे त्याची तक्रार केली आणि हे राजाचे पवित्रस्थान आहे, इथे बोलू नकोस, असे बजावून त्याला आपल्या देशी जायला सांगितले. बेथेलचा याजक राजाच्या चाकरासारखा बोलला.

यरुशलेमात मात्र हे नाते अधिक गुंतागुंतीचे झाले, आणि त्याचा सर्वांत चांगला नमुना मंदिराच्या दुरुस्तीच्या खर्चात सापडतो.

इ.स.पू. नवव्या शतकात अथल्या राणीने राजवंशाची कत्तल केली. योवाश हे तान्हे बाळ तेवढे वाचले आणि सहा वर्षे मंदिरात लपून वाढले. सातव्या वर्षी याजक यहोयादाने पहारेकऱ्यांना मंदिरात ठेवलेले दावीदाचे भाले आणि ढाली दिल्या आणि मुलाला तिथेच राज्याभिषेक केला. राजाने मंदिर बांधले होते. आता मंदिराने राजा उभा केला.

मोठा झाल्यावर योवाशाने हुकूम काढला, की येणाऱ्या दानातून याजकांनी मंदिराची डागडुजी करावी. त्याच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले, तरी पडझड तशीच होती. राजाने यहोयादासह याजकांना बोलावून जाब विचारला आणि हे पैसे त्यांच्या हातून काढून घेतले. मग यहोयादाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. दाराशी असलेले याजक लोकांची चांदी तीत टाकत. पेटी भरत आली की राजाचा लेखक आणि प्रमुख याजक असे दोघे मिळून ती मोजत, थैल्यांत बांधत आणि कामावरच्या मुकादमांकडे देत. त्यांच्याकडून सुतार, गवंडी, पाथरवटांची मजुरी भागे. दोषार्पण आणि पापार्पण यांचे पैसे पेटीत जात नसत, ते याजकांचेच राहत.

एका पेटीवर असे दोन हात आले, वाड्याचा आणि वेदीचा. पण वरचष्मा कुणाचा हे लवकरच दिसले. अरामचा राजा हजाएल चालून आला, तेव्हा योवाशाने मंदिरातले आणि वाड्यातले सारे सोने काढून त्याला देऊन टाकले. संकटात मंदिराचा खजिना हा राजाचाच खजिना होता.

जवळपास दोनशे वर्षांनी, इ.स.पू. ६२२ मध्ये, हीच पद्धत चालू असलेली दिसते. योशीया राजाने आपला लेखक शाफान याला प्रमुख याजक हिल्कीयाकडे दुरुस्तीच्या चांदीचा हिशेब करायला पाठवले. शाफान परत आला तो हिशेबाबरोबर एक ग्रंथ घेऊन. मंदिरात नियमशास्त्र सापडले, असे हिल्कीयाचे म्हणणे होते. वाचन ऐकून राजाने आपली वस्त्रे फाडली. पण राजा आणि याजक दोघांनी मिळून ग्रंथ खरा ठरवला नाही. हिल्कीया, शाफान आणि आणखी तिघे शहराच्या नव्या वस्तीत राहणाऱ्या हुल्दा या संदेष्ट्रीकडे गेले आणि तिने कौल दिला. तिघांचे काम इथे स्वच्छ वेगळे दिसते: याजक ग्रंथ काढतो, संदेष्ट्री त्याला प्रमाण मानते, राजा तो अमलात आणतो.

हा ग्रंथ म्हणजे अनुवादाच्या पुस्तकाचा गाभा असावा, असे १८०५ मध्ये डे वेट्टे या जर्मन अभ्यासकाने मांडले आणि बहुतेक संशोधक आजही तसेच मानतात. त्यातल्या दोन गोष्टी राजसत्तेला थेट भिडतात. राजाने घोडे, बायका, सोने यांचा साठा करू नये आणि याजकांजवळची नियमशास्त्राची प्रत उतरवून ती रोज वाचावी, ही एक. यज्ञ एकाच ठिकाणी व्हावा, ही दुसरी. दुसऱ्या आज्ञेसाठी योशीयाने गावोगावची पूजास्थाने मोडली, बेथेलची वेदीही पाडली. यात यरुशलेमचा राजा आणि यरुशलेमचे याजक दोघांचेही बळ वाढले. गावाकडच्या याजकांना वेदीवर चढू दिले गेले नाही. आपल्या भाऊबंदांत बसून बेखमीर भाकर खाण्यापुरता त्यांचा वाटा उरला. अर्थात ही हकिकत लिहिणारे योशीयाच्याच बाजूचे होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो इथे मारला गेला. त्याच सुमारास संदेष्टा यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहिला. तो अनाथोथच्या याजककुळातला होता, म्हणजे अब्याथारला जिथे पाठवले त्याच गावचा. मंदिर आहे म्हणून शहर वाचेल या भरवशावर राहू नका, शिलोच्या उद्ध्वस्त पूजास्थानाचे जसे झाले तसेच याचेही होईल, असे त्याने सांगितले. याजकांनी आणि इतर संदेष्ट्यांनी त्याला धरून मरणदंड मागितला. राजवाड्यातले अधिकारी वर येऊन मंदिराच्या नव्या दरवाजाशी न्यायाला बसले. काही वडीलधाऱ्यांनी संदेष्टा मीखाचा दाखला दिला: त्यानेही हेच सांगितले होते आणि हिज्कीया राजाने त्याला मारले नव्हते. शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी राहिला म्हणून यिर्मया वाचला. तसेच बोलणाऱ्या उरीयाला मात्र यहोयाकीम राजाने मिसरातून धरून आणून ठार केले.

काही वर्षांनी यिर्मयाची गुंडाळी मंदिरात वाचली गेली, ती शाफानाच्या दुसऱ्या मुलाच्या, गमऱ्याच्या, खोलीतून. मग ती राजासमोर वाचण्यात आली. हिवाळ्याचे दिवस होते, समोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार स्तंभ वाचून झाले की यहोयाकीम तेवढा तुकडा लेखकाच्या चाकूने कापून विस्तवात टाकी. गमऱ्या जाळू नका म्हणून विनवत राहिला. यरुशलेमच्या दावीदनगरात १९८२ च्या उत्खननात मातीचे छाप सापडले. त्यांतल्या एकावर शाफानाचा मुलगा गमऱ्या हे नाव आहे.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर आणि वाडा दोन्ही जाळले. इ.स.पू. ५१५ च्या सुमारास नवे मंदिर उभे राहिले ते हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांच्या आग्रहाने आणि पारशी बादशहाच्या परवानगीने. दावीदाच्या वंशातला जरूब्बाबेल तेव्हा तिथे होता, पण राजा म्हणून नव्हे, बादशहाचा सुभेदार म्हणून. शेजारी वाडा राहिला नाही, आणि पुढची काही शतके यरुशलेमात लोकांचा प्रमुख म्हणून प्रमुख याजकच पुढे येत गेला.