जागेचा फोटो आणि न बांधलेली इमारत

लातूर जिल्ह्यातल्या एका गावी शाळेच्या नव्या खोल्या बांधावयाच्या होत्या. ग्रामसभेत एक चित्र मांडण्यात आले. मोकळ्या जागेचा खरा फोटो आणि त्यावर संगणकाला वर्णन सांगून तयार करून घेतलेली इमारत. उत्तरेकडे तोंड, समोर लख्ख ऊन पडलेली पांढरी भिंत. लोक खूश झाले. मी मात्र त्या चित्रावर पट्टी ठेवून पाहिली, आणि ते तीन ठिकाणी खोटे निघाले.

पहिली गोष्ट क्षितिजाची. आपल्या काळ्या रानात जमीन सपाट असते, त्यामुळे हे समजणे सोपे आहे. फोटो काढणाऱ्याच्या हातातला कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर असेल, तर क्षितिजाची रेघ फोटोतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या पाच फूट उंचीवर कापते, मग ती वस्तू जवळ असो की दूर. बाभळींचे शेंडे म्हणजे मात्र क्षितिज नव्हे. ते झाकलेले असेल तर सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा पट्टीने पुढे वाढवा. त्या जेथे मिळतील तेथून आडवी रेघ ओढली की झाले.

आमच्या फोटोत या रेघेपासून भिंतीचा पाया जेथे यावयाचा त्या जागेपर्यंत अंतर होते दोन सेंटिमीटर. म्हणजे तेथे दोन सेंटिमीटर बरोबर पाच फूट. जोत्यासह भिंत बारा फुटांची, तेव्हा चित्रात ती ४.८ सेंटिमीटर हवी : २ रेघेच्या खाली, २.८ वर. चित्रातली भिंत भरली अवघी ३ सेंटिमीटर! साडेसात फुटांची शाळा. म्हणूनच तर समोरचे पटांगण एवढे ऐसपैस दिसत होते. शिवाय त्या इमारतीचे सपाट छत वरून दिसत होते. पाच फुटांवरच्या डोळ्याला बारा फुटांवरचे छत कसे दिसेल? नांदेडला गोदावरीच्या घाटावर अगदी वरच्या पायरीला उभे राहिलात, तर खाली नदीकाठच्या बुटक्या खोलीचे छत जरूर दिसेल, कारण तेथे डोळाच छताहून उंच असतो. संगणकाने इमारत तशा उंचीवरून पाहिलेली काढली होती आणि फोटो होता जमिनीवरून. अशी इमारत नुसती मोठी करून भागत नाही, योग्य उंचीवरून पाहिलेली पुन्हा करून घ्यावी लागते.

आता उन्हाकडे वळू. फोटो डिसेंबरच्या मध्यावरचा, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराचा, दक्षिणेकडे तोंड करून काढलेला. त्यात झेंड्याच्या खांबाची सावली सरळ आपल्याकडे येत होती. म्हणजे सूर्य समोर, इमारतीच्या पाठीमागे. मग आपल्याकडची भिंत उन्हात कशी? लातूरला त्या दिवसांत भर दुपारी सूर्य क्षितिजावर सुमारे ४८ अंश असतो, आणि पाच फुटांच्या काठीची सावली साडेचार फूट पडते. त्या हिशेबाने बारा फुटांच्या भिंतीची सावली जवळजवळ अकरा फूट, तीही पुढच्या अंगणात. थंडीत मुले उन्हाला बसतात ती नेमकी हीच जागा! (मेच्या मध्यावर सूर्य लातुरात डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी सावली पायाशीच राहते. पण तेव्हा शाळेला सुट्टी.) शिक्षकांनी एक करावे : फोटो काढण्यापूर्वी भिंतीच्या नियोजित जागेपासून अकरा फुटांवर चुन्याची रेघ मारावी. सावली कोठवर रंगवायची ते फोटोच सांगतो.

तिसरी खोट डोळ्याला आधी जाणवते, पण तिचे नाव सांगता येत नाही. इमारत तरंगल्यासारखी वाटते. भिंत मातीला टेकते त्या सांध्यात उजेड शिरत नाही, म्हणून तेथे एक बारीक, सर्वांत गडद रेघ असते आणि ती बाहेरच्या बाजूला विरत जाते. अभ्राच्या दिवशी मोठी सावली नाहीशी झाली तरी ही रेघ राहतेच. संगणकावर ती वेगळ्या थरात, Multiply या प्रकाराने, हलक्या हाताने भरावी. शुद्ध काळा रंग घेऊ नये. फोटोतल्याच एखाद्या दगडाखालच्या सावलीचा रंग उचलावा, कारण सावलीवरही आभाळाचा निळसर उजेड पडत असतो. काळ्या मातीवर मोठी सावली फिकी दिसते, त्या मोहाने ती गडद केली की भोक पडल्यासारखे दिसते. आणि जोत्यापुढचे गवताचे चार झुबके इमारतीच्या वर येऊ द्यावेत. सुरीने कापल्यासारखी सरळ कड खऱ्या रानात नसते.

चित्र दुरुस्त करून पुढच्या सभेत दाखविले. भिंत उंच झाली होती, पुढची बाजू छायेत गेली होती, आणि अंगणाचा मोठा पट्टा काळवंडला होता. मागे बसलेल्या एका आजीबाईंनी विचारले, "मग पोरं हिवाळ्यात बसायची कुठं?" त्या दिवशी खोल्यांचे तोंड दक्षिणेला करावे काय, यावर दोन तास चर्चा चालली.