रेंज फुल, तरी व्हिडिओ कॉल का अडकतो?

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. मेसेज असा: "बेडरूममध्ये वाय-फायच्या दांड्या पुरेशा दिसतात, पण घरात कोणी मायक्रोवेव्ह लावला की कॉल अडकतो. दांड्या मात्र तेवढ्याच राहतात. मग अडकतंय काय?"

प्रश्न एकदम बरोबर पकडलाय. कारण दांड्या फक्त एकच गोष्ट सांगतात: राउटरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय. मध्ये दुसरं कोणी ओरडतंय का, हे त्या सांगत नाहीत. सिग्नल कमकुवत असणं हा एक आजार आणि गोंगाट असणं हा दुसरा. आज बघू की हे दोन आजार एकमेकांना कसे वाढवतात.

आधी अंतर आणि भिंती. सिग्नल मोजतात डीबीएममध्ये. अँड्रॉइडवर कुठलंही वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाकलं की `-55 dBm` असा उणे आकडा दिसतो. तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. आकडा १० ने घसरला की सिग्नलची ताकद दहावा भाग उरते. आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आकडा ६ ने घसरतो, म्हणजे ताकद पाव होते.

आता हिशोब करू. राउटरची ताकद धरा १०० मिलिवॅट. २.४ गिगाहर्ट्झवर एक मीटरवर साधारण उणे २० मिळतात. दोन मीटरवर उणे २६, चारवर उणे ३२, आठवर उणे ३८. म्हणजे नुसत्या अंतराने एका फ्लॅटच्या आत फार काही बिघडत नाही. व्हिडिओ कॉलला उणे ६७ च्या आसपास मिळाले तरी चालतं. खरा फटका भिंतीचा.

जुन्या बिल्डिंगमधली चार इंची विटांची भिंत साधारण ५ खाते. राउटर हॉलमध्ये, बेडरूम आठ मीटरवर, मध्ये अशा दोन भिंती: उणे ४८. मजेत! पण आता पुण्या-मुंबईत बरेच टॉवर मायवान पद्धतीने उभे राहतात, त्यात आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, सळई घातलेल्या असतात. अशी एक भिंत सहज १५ खाऊ शकते. दोन भिंती म्हणजे ३०. तेच आठ मीटर, तोच राउटर, पण आकडा उणे ६८. वीस आकड्यांचा फरक, म्हणजे शंभर पट कमी ताकद. भिंतीची जाडी आणि आतलं लोखंड यानुसार हे आकडे पुढे-मागे होतात, पण कल्पना यावी म्हणून पुरेसे आहेत.

आता मायक्रोवेव्ह. तो अन्न गरम करतो २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी. वाय-फायचा २.४ चा पट्टा आहे २.४ ते २.४८, म्हणजे ओव्हन बरोबर त्याच रस्त्यावर आहे. आत साधारण ८०० वॅट असतात. दाराच्या फटीतून त्याचा एक लाखावा भाग बाहेर आला तरी ते ८ मिलिवॅट झाले. माणसाला याने काही होत नाही, सुरक्षेची मर्यादा याच्या खूप वर असते. पण वाय-फाय किती नाजूक आहे बघा: उणे ६० डीबीएम म्हणजे एका वॅटचा एक अब्जावा भाग. तुमचा फोन तेवढं कुजबुजणं ऐकत असतो, आणि शेजारच्या किचनमध्ये कोणी भोंगा लावतं.

मग दांड्या का कमी होत नाहीत? राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" असा छोटा संदेश पाठवतो. त्यातले जे पोचतात त्यांची ताकद मोजून फोन दांड्या दाखवतो. ओव्हनमुळे ती ताकद बदलत नाही, फक्त बरीच पॅकेट वाया जातात.

आता यातली खरी गंमत. साधा, ट्रान्सफॉर्मरवाला मायक्रोवेव्ह सतत लहरी सोडत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक फेरी २० मिलिसेकंदांची. त्यातले साधारण १० मिलिसेकंद ओव्हन गोंगाट करतो आणि १० गप्प बसतो. मग वाय-फायने त्या फटीत काम उरकायचं. जमतं का? सिग्नल जोरात असेल तर हो. १५०० बाइटचं एक पॅकेट ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाहून कमी वेळात जातं. फटीत अशी बरीच बसतात. पण पॅकेट हरवायला लागली की राउटरला वाटतं सिग्नल कमकुवत झालाय, आणि तो वेग कमी करतो. भिंतींनी आधीच दमवलेला सिग्नल असेल तर तो आणखी खाली घसरतो. अगदी तळाच्या १ एमबीपीएसवर तेच पॅकेट १२ मिलिसेकंद घेतं. आणि फट आहे १० ची! बसणारच नाही. भिंत आणि ओव्हन मिळून कॉल पाडतात तो असा.

तुमच्या घरी नेमकं काय होतंय हे तपासायचं? बेडरूममध्ये लॅपटॉप २.४ वर जोडा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा. पत्ता तुमच्या राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो.

```
ping -t 192.168.1.1
```

हा पिंग फक्त राउटरपर्यंत जातो, त्यामुळे इंटरनेट कंपनीचा दोष यात मिसळत नाही. मिनिटभर आकडे बघा. मग कपभर पाणी ठेवून ओव्हन दोन मिनिटं लावा, रिकामा लावू नका. आकडे एकदम उसळले किंवा `Request timed out` यायला लागलं आणि ओव्हन थांबताच शांत झालं, तर दोष गोंगाटाचा. ओव्हन बंद असतानाही तेच होत असेल आणि अ‍ॅपमध्ये आकडा उणे ७५-८० असेल, तर दोष भिंतींचा.

गोंगाटावर सरळ उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, तिथे मायक्रोवेव्हचा त्रास नाही. पण थांबा. ५ वर आठ मीटरला उणे ३८ ऐवजी साधारण उणे ४५ मिळतात, आणि काँक्रीटची भिंत जास्त खाते. भिंतीमागे २० धरले तरी दोन भिंतींनंतर उणे ८५. फोन ते सोडून परत २.४ वरच येणार. म्हणून विटांच्या घरात ५ वर जा आणि विषय संपवा. काँक्रीटच्या घरात मात्र आधी भिंत कमी करा: राउटर टीव्हीच्या मागून आणि फ्रिजच्या बाजूने काढून पॅसेजमध्ये आणा, जिथून बेडरूमपर्यंत एकच भिंत लागेल. तेही जमत नसेल तर लॅनची वायर टाकून बेडरूममध्ये दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा. वायरला ना भिंत अडवते ना ओव्हन.

२.४ वरच राहायचं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १ करून बघा. ओव्हनचा गोंगाट बहुतेकदा पट्ट्याच्या मधल्या आणि वरच्या भागात जास्त असतो, म्हणजे ६ आणि ११ च्या बाजूला. प्रत्येक ओव्हनला लागू पडेलच असं नाही, म्हणून चॅनल बदलल्यावर परत पिंग लावा.

तुमच्या बेडरूमचा आकडा किती आला आणि मध्ये कसल्या भिंती आहेत, ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!