एका दिवसात चार व्हिडिओ
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात मोबाइलवर संत्रा बगिच्याचे व्हिडिओ करणारी बरीच मंडळी आहेत. नोकरी सांभाळून करणाऱ्याला हाती रविवारच मिळतो. बगिच्यात जाणे, स्टँड लावणे, माइक तपासणे आणि शेवटी आवराआवर यात दीड तास जातो असे धरा. चार रविवारी सहा तास गेले. चारही व्हिडिओ एकाच दिवशी केले, तर हा दीड तास एकदाच लागतो. शिवाय चारही ठिकाणी उजेड आणि आवाज सारखा राहतो.

पण एक व्हिडिओ पूर्ण करून दुसरा सुरू करायचा, असे नाही. क्रम जागेप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे लावायचा. डिंक्या रोगाचे उदाहरण घेऊ. चार विषय आहेत: रोग ओळखणे, बोर्डो पेस्ट तयार करणे, ती लावणे आणि खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करणे.

सकाळी सातला गोठ्याच्या भिंतीच्या सावलीत चारही विषयांचे बोलणे आटोपून घ्यावे. झाडाखाली उभे राहू नये. पानांतून येणारे कवडसे चेहऱ्यावर हलतात आणि मोबाइल उजेड सारखा कमी-जास्त करतो. म्हणून पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवावे. काही फोनवर AE/AF LOCK अशी अक्षरे येतात. सर्वांत अवघड विषय आधी बोलावा, कारण तिसऱ्या व्हिडिओपर्यंत आवाज बसू लागतो.

मग झाडाकडे जावे. येथे क्रम चुकला तर दिवस वाया जातो. पेस्ट लावली की खोड निळसर पांढरे होते, मग डिंक आणि सडलेली साल दाखवता येत नाही. म्हणून आधी रोगट खोड, नंतर साल खरवडणे, आणि लेप सगळ्यांत शेवटी.

दुपारी शेडमध्ये पेस्ट तयार करावी. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. एकत्र केल्यावर लोखंडी पाते बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. ही खूण जवळून टिपावी. पेस्ट त्याच दिवशी वापरायची असते, म्हणून लावण्याचे चित्रण उन्हे उतरताच करावे. आळे ही त्याच वेळी होते.

प्रत्येक विषय झाला की तिथेच हेडफोन लावून ऐकावे. शेजारची मोटर सुरू असेल तर ते बगिच्यातच कळले पाहिजे, घरी नव्हे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. आंबिया बहाराची फुले आणि तोडणीचे फळ एका दिवशी मिळत नाही. झाडाच्या वेळापत्रकापुढे आपले चालत नाही. तिथे पुन्हा जावेच लागते.